चाळीस सेकंदांचा बिघाड, तासभराची रड

नाटकाचं तिकीट काढायला बसलेल्या माणसाला पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरांत `502 Bad Gateway` एवढंच दिसतं. तो पान पुन्हा लोड करतो, तेच. चहा घेऊन येतो, तरी तेच. शेवटी वैतागून कंपनीला फोन लावतो, तर पलीकडचा म्हणतो, "आमच्याकडे सगळं व्यवस्थित चालू आहे साहेब, तुमचं इंटरनेट एकदा तपासून बघा." अशा वेळी ग्राहकाला वाटतं की समोरचा धडधडीत खोटं बोलतोय. पण पुष्कळदा दोघंही खरं सांगत असतात. कंपनीचा सर्व्हर अर्ध्या तासापूर्वीच ठणठणीत झालेला असतो आणि ग्राहकाला चूकही खरोखरच दिसत असते. ही चूक सर्व्हरकडून येतच नसते. ती वाटेतल्या एका यंत्राने मघाशीच साठवून ठेवलेली असते आणि येईल त्याच्या हातात तीच प्रत ठेवली जात असते.

वाटेतली ही यंत्रणा म्हणजे सीडीएन, कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क. क्लाउडफ्लेअर, अकामाय, फास्टली, ॲमेझॉनचं क्लाउडफ्रंट ही त्यातली मोठी नावं. आपण एखाद्या मोठ्या संकेतस्थळाचा पत्ता टाकतो तेव्हा आपली मागणी बहुधा मूळ सर्व्हरपर्यंत जातच नाही. मुंबई, चेन्नई, सिंगापूर अशा शहरांत सीडीएनची केंद्रं असतात आणि त्यांतलं जवळचं केंद्र आपल्याला उत्तर देतं. पानाची प्रत त्याच्याकडे असली तर ती तो लगेच देतो. नसली तर मूळ सर्व्हरकडून आणून आपल्याला देतो आणि एक प्रत पुढच्या माणसासाठी स्वतःजवळ ठेवतो. या साठ्याला कॅशे म्हणतात. प्रत किती वेळ ठेवायची हे मूळ सर्व्हर उत्तरासोबतच्या `Cache-Control` नावाच्या ओळीत सांगतो. `max-age=3600` लिहिलं असेल तर ३६०० सेकंद, म्हणजे एक तास.

इथपर्यंत कुणाला काही वावगं वाटणार नाही. पण चांगल्या पानांसारखीच चुकीची उत्तरंही सीडीएन साठवतं, हे मात्र संकेतस्थळं बांधणाऱ्या कित्येकांच्याही लक्षात नसतं. याला निगेटिव्ह कॅशिंग म्हणतात. कोपऱ्यावरच्या वाण्याने सकाळी घाऊक बाजारात "साखर संपली" असं ऐकावं आणि दुपारी तिथे पोती उतरली तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला "साखर नाही" म्हणत राहावं, तसा हा प्रकार.

मग सीडीएनवाल्यांनी हे ठेवलंच कशाला? त्यामागे सबळ कारण आहे. समजा एका पानावर सेकंदाला पाच हजार मागण्या येताहेत आणि मूळ सर्व्हर भाराखाली कोसळला. सीडीएनने चूक साठवलीच नाही, तर त्या पाचही हजार मागण्या आधीच आडव्या झालेल्या सर्व्हरवर जाऊन आदळतील, दर सेकंदाला. त्याला उठायला उसंतच मिळणार नाही. तेच चुकीचं उत्तर एका केंद्राने दहा सेकंद जवळ ठेवलं, तर त्या दहा सेकंदांत येणाऱ्या पन्नास हजार लोकांना ते परस्पर देता येतं आणि सर्व्हरकडे जेमतेम एखादी मागणी जाते. मुळात नसलेल्या पानांचंही तसंच. एखादा बॉट रात्रभर भलतेसलते पत्ते विचारत बसला तर दरवेळी "असं पान नाही" हे सांगायला सर्व्हरला उठवायची गरज नसते. म्हणून सोय उत्तमच आहे. सगळा प्रश्न ती चूक किती वेळ ठेवली जाते याचा आहे.

एक काल्पनिक पण रोज कुठे ना कुठे घडणारा प्रसंग तपशिलात पाहू. नाटकांची तिकिटं विकणारं एक संकेतस्थळ आहे. मूळ सर्व्हर मुंबईत, पुढे क्लाउडफ्रंट. एका नव्या नाटकाचं बुकिंग सकाळी दहाला उघडणार आहे. प्रयोगांची यादी असलेलं पान `/shows` या पत्त्यावर आहे. यादी दिवसातून एकदोनदाच बदलते, म्हणून ते पान तासभर साठवायला हरकत नाही असं ठरलेलं आहे. खुर्च्या किती शिल्लक आहेत ते वेगळीकडून थेट विचारलं जातं, तो भाग साठवला जात नाही. इथवर रचना शहाणपणाची आहे.

दहाला पाच मिनिटं असताना कंपनीतला तंत्रज्ञ नवी यादी चढवतो. जुनी यादी कुणाला दिसू नये म्हणून तो क्लाउडफ्रंटवरचा साठा पुसून टाकतो, म्हणजे पर्ज करतो. मग दहाच्या ठोक्याला तो संकेतस्थळाचा मुख्य प्रोग्रॅम रिस्टार्ट करतो. प्रोग्रॅम उठायला चाळीस सेकंद लागतात. त्याच्या पुढ्यात दारावर एन्जिनएक्स नावाचा वेब सर्व्हर उभा आहे आणि तो चालूच आहे. मागे प्रोग्रॅम सापडत नाही म्हटल्यावर एन्जिनएक्स नियमाप्रमाणे ५०२ हे उत्तर देतो. त्या ५०२चा अर्थ एवढाच की "मी आहे, पण माझ्या मागचा जागेवर नाही."

दहा वाजून वीस सेकंदांनी पुण्याच्या एका प्रेक्षकाने पान उघडलं. त्याची मागणी क्लाउडफ्रंटच्या मुंबई केंद्रात गेली. साठा नुकताच पुसलेला, म्हणून केंद्राने सर्व्हरला विचारलं आणि ५०२ घेऊन आलं. चाळिसाव्या सेकंदाला प्रोग्रॅम उठला. तंत्रज्ञाने सर्व्हरवर थेट जाऊन पाहिलं, पान झकास दिसलं, आणि तो निर्धास्त झाला. दहा वाजून तीन मिनिटांनी सिंगापूरहून कुणीतरी आईवडिलांसाठी तिकिटं काढायला आला. सिंगापूरच्या केंद्राकडे काहीच साठवलेलं नव्हतं, त्यालाही सर्व्हरला विचारावं लागलं आणि त्याला चांगलं पान मिळालं. म्हणजे परदेशातल्या मुलाला नाटक दिसतंय आणि रंगमंदिरापासून दोन किलोमीटरवर राहणाऱ्या आईवडिलांना ५०२. हा खेळ अकरा वाजेपर्यंत चालला.

तासभर का चालला, त्याचं उत्तर एन्जिनएक्सच्या मांडणीतल्या एका शब्दात होतं.

```
location /shows {
    add_header Cache-Control "public, max-age=3600" always;
    proxy_pass http://127.0.0.1:8000;
}
```

शेवटचा तो `always` पाहा. तो नसता तर एन्जिनएक्सने तासाची चिठ्ठी फक्त २०० सारख्या यशस्वी उत्तरांना आणि दुसरीकडे पाठवणाऱ्या काही उत्तरांना लावली असती. चुकीच्या उत्तरांना लावली नसती. `always` म्हणजे उत्तर कुठलंही असो, चिठ्ठी लावायचीच. हा शब्द बहुतेकदा भलत्याच कारणासाठी येतो. सुरक्षेच्या काही ओळी प्रत्येक उत्तरावर असाव्यात असा नियम असतो, त्यांच्यापुढे `always` लिहिलेलं असतं, आणि कुणीतरी ती ओळ उचलून `Cache-Control`साठी वापरतो. महिनोन्महिने काही बिघडत नाही, कारण सर्व्हर बंदच पडत नाही. ज्या दिवशी पडतो त्या दिवशी ५०२च्या कपाळावर "हे तासभर ताजं समजा" असं लिहून ते बाहेर पडतं.

क्लाउडफ्रंटचं वागणं इथे त्याच्या नियमाला धरूनच आहे. चुकीची उत्तरं कमीत कमी किती वेळ ठेवायची याची त्याच्याकडे एक मर्यादा असते. ती न बदलल्यास दहा सेकंद. पूर्वी ती पाच मिनिटं होती आणि त्या पाच मिनिटांनी पुष्कळांना रडवलंय. पण मूळ सर्व्हरने स्वतःच `max-age` पाठवलं असेल, तर त्या दोहोंतला मोठा आकडा धरला जातो. दहा आणि छत्तीसशे यांतला मोठा कोणता हे सांगायला नको. वेबच्या प्रमाण नियमांतही याला आडकाठी नाही. २०२२च्या आरएफसी ९११० प्रमाणे काहीच न सांगता, स्वतःच्या अंदाजाने, ज्या उत्तरांची प्रत ठेवता येते त्यांत ४०४ आहे, ४१० आहे, ५०२ किंवा ५०३ नाही. मात्र सर्व्हरने स्पष्ट मुदत लिहून दिली की ५०२ची प्रतही ठेवता येते. सीडीएनला दोष द्यायची घाई करू नये ती यासाठी.

दुसरी चूक क्रमाची होती. सर्व्हर ५०० च्या घरातली चूक देत असेल आणि केंद्राकडे मुदत संपलेली का होईना जुनी चांगली प्रत असेल, तर क्लाउडफ्रंट चूक न दाखवता ती शिळी प्रत पुढे करतं. नाटकाच्या यादीची कालची प्रत दिसली असती तरी लोकांनी पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं असतं. पण आपल्या तंत्रज्ञाने आधी साठा पुसला आणि मग रिस्टार्ट केलं. शिळंपाकं जे होतं तेही गेलं आणि केंद्रांना बरोबर त्या चाळीस सेकंदांत सर्व्हरचं दार ठोठवायला लागलं. उलट क्रमाने, म्हणजे आधी रिस्टार्ट, पान नीट दिसतंय याची खात्री, आणि मग पर्ज, असं केलं असतं तर ही गोष्ट लिहावी लागली नसती.

हा प्रकार ओळखायचा कसा? सर्व्हरच्या लॉगमध्ये तो दिसत नाही, आणि म्हणूनच तंत्रज्ञ गोंधळतात. लॉगमध्ये चाळीस सेकंदांचे ५०२ दिसतात, त्यानंतर सगळं स्वच्छ. उलट मुंबईकडून `/shows`ची मागणीच येईनाशी झालेली असते, कारण केंद्र परस्पर उत्तर देत असतं. सर्व्हरवर थेट नजर ठेवणारी देखरेखही हिरवा दिवा दाखवते. खरं काय ते ग्राहकाच्या वाटेनेच पाहावं लागतं.

```
curl -sI https://example.com/shows

HTTP/2 502
cache-control: public, max-age=3600
age: 1570
x-cache: Error from cloudfront
```

यात `age` ही ओळ कळीची. उत्तर साठ्यात येऊन १५७० सेकंद, म्हणजे २६ मिनिटं १० सेकंद झाली आहेत. समजा आता १० वाजून २६ मिनिटं ३० सेकंद झालेत. त्यातून वजा केलं की १० वाजून २० सेकंद येतात, म्हणजे बरोबर रिस्टार्टच्या मधली वेळ. उरलेले २०३० सेकंद पुढे मोजले की ११ वाजून २० सेकंदांना ही चूक आपोआप मरेल हेही कळतं. ताज्या चुकीचं वय असं वाढत जात नाही. दोनदा पाठोपाठ विचारल्यावर `age` वाढत असेल तर ती नक्की साठवलेली चूक. `x-cache` मधल्या "एरर" शब्दावर मात्र विसंबू नये. क्लाउडफ्रंट ताज्या चुकीलाही तेच लिहितं.

आणखी एक खूण पानावरच असते. एन्जिनएक्सने दिलेल्या ५०२च्या खाली `nginx` असं लिहिलेलं असतं. क्लाउडफ्रंटने स्वतः बनवलेल्या चुकीच्या पानावर `Generated by cloudfront` असं येतं आणि एक रिक्वेस्ट आयडीही असतो. आपल्या गोष्टीत पानावर `nginx` दिसत होतं आणि तंत्रज्ञ तासभर एन्जिनएक्सच तपासत बसला, जो तोवर पन्नास मिनिटं धडधाकट होता.

चूक सापडली की तत्काळ उपाय म्हणजे पुन्हा पर्ज. क्लाउडफ्रंटवर तो साधारण मिनिटा-दोन मिनिटांत सगळीकडे पोचतो. पण त्यालाही मर्यादा आहे. तासाची चिठ्ठी लोकांच्या ब्राउझरलाही मिळालेली असते आणि ब्राउझरच्या पोटातल्या प्रतीपर्यंत सीडीएनचा पर्ज पोचत नाही. म्हणून कायमचा इलाज सर्व्हरवरच करावा लागतो. चिठ्ठी उत्तर पाहून लावायची.

```
map $status $cc {
    200     "public, max-age=3600";
    304     "public, max-age=3600";
    default "no-store";
}
```

मग `add_header Cache-Control $cc always;` लिहिलं तरी बिनघोर. ३०४ला विसरू नये, कारण "पान बदललेलं नाही, तुझीच प्रत चालव" असं सांगणारं उत्तर ते आहे. त्यावर `no-store` गेलं तर चांगल्या प्रतीचीच वाट लागते. सीडीएनच्या बाजूला चुकीची मुदत काही सेकंदांचीच ठेवावी. माझं मत विचाराल तर ५०० च्या घरातल्या चुकांना पाच ते दहा सेकंद पुरे. तेवढ्याने कोसळलेल्या सर्व्हरला श्वास घेता येतो आणि तो उठल्यावर लोकांना दहा सेकंदांच्या वर थांबावं लागत नाही. ४०४ला मिनिटभर ठीक. गूगलचं क्लाउड सीडीएन या सोयीत ४०४ला १२० सेकंद देतं, क्लाउडफ्लेअर साठवण्याजोग्या वस्तूंच्या ४०४ला तीन मिनिटं. एरवी हे आकडे निरुपद्रवी आहेत. पण नवी फाइल चढायच्या आधीच तिच्याकडे बोट दाखवणारं पान प्रसिद्ध झालं, की हीच तीन मिनिटं बोचतात.

शिळी प्रत पुढे करण्याची सोयही मुद्दाम मागता येते. २०१० च्या आरएफसी ५८६१ मधलं `stale-if-error` त्यासाठीच आहे. `max-age=3600, stale-if-error=86400` असं लिहिलं की त्याचा अर्थ होतो, तासभर ही प्रत ताजी, आणि पुढे सर्व्हर बिघडलाच तर दिवसभर हीच चालव. सगळी सीडीएनं हे सारख्या निष्ठेने पाळत नाहीत, आपल्याकडचं पाळतं का ते एकदा सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहावं. प्रयोगांच्या यादीला ही सोय चालते. शिल्लक खुर्च्यांना किंवा बँकेच्या शिलकीला ती लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

एवढं सगळं करूनही एका प्रकारच्या चुकीपुढे सीडीएन आंधळं असतं. कित्येक संकेतस्थळांवर डेटाबेस मिळाला नाही की प्रोग्रॅम "क्षमस्व, तांत्रिक अडचण आहे" असं छान रंगीत पान दाखवतो आणि उत्तराचा क्रमांक मात्र २०० ठेवतो. २०० म्हणजे सर्व काही ठीक. माणसाला ते पान चुकीचं दिसतं, यंत्राला बरोबर. त्याला चुकीची दहा सेकंदांची मुदत लागूच होत नाही, चांगल्या पानाची पूर्ण मुदत मिळते, आणि शिळी चांगली प्रत असली तरी तिच्या जागी हे पान जाऊन बसतं. देखरेखही क्रमांक पाहून खूश राहते. मला विचाराल तर `always`पेक्षा हे दुखणं मोठं आहे, कारण `always` एका ओळीत सापडतो आणि हे शोधायला प्रत्येक पानाचा मजकूर वाचावा लागतो. अडचणीचं पान दाखवायचं तर त्याला ५०३ क्रमांक द्यावा. चेहरा हवा तितका गोंडस ठेवावा.

साठवलेल्या चुकीचा कुणी शस्त्र म्हणूनही उपयोग करू शकतो. जर्मनीतल्या होआय व्हिएत गुयेन, लुइजी लो याकोनो आणि हानेस फेडेराथ या संशोधकांनी २०१९ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांची युक्ती साधी होती. सीडीएन जितका मोठा मागणीचा मथळा पुढे जाऊ देतं, त्याहून मूळ सर्व्हरची मर्यादा लहान असते. त्या दोहोंच्या मधल्या मापाची मागणी पाठवली की सीडीएन ती निमूट पुढे सोडतं, सर्व्हर "मागणी अवैध" म्हणून ४०० देतो, आणि सीडीएन तो नकार त्या पत्त्याखाली साठवून पुढच्या निरपराध लोकांना वाटत सुटतं. एका माणसाच्या एका मागणीने पान सर्वांसाठी बंद. सर्वाधिक फटका क्लाउडफ्रंटला बसणार होता. नंतर त्यांनी ४०० हे उत्तर आपणहून साठवणं थांबवलं.

आता सामान्य वाचकासाठी. असं ५०२ दिसलं की आपण पान पुनःपुन्हा लोड करतो. साठवलेल्या चुकीपुढे त्याचा उपयोग नसतो. कंट्रोल दाबून केलेलं कडक रिलोड फार तर आपल्या ब्राउझरची प्रत बाजूला सारतं. बहुतेक सीडीएनं त्यातली विनंती मनावर घेत नाहीत, नाहीतर कुणीही उठून त्यांचा साठा निकामी केला असता. त्याऐवजी पत्त्याच्या शेवटी `?a=1` असं काहीतरी जोडून पाहा. पुष्कळ ठिकाणी सीडीएनला तो नवा पत्ता वाटतो आणि ते सर्व्हरकडून ताजं पान आणतं. तसं उघडलं तर सर्व्हर चालू आहे आणि वाटेत जुनी चूक अडकली आहे हे जवळजवळ नक्की. उघडलं नाही तर मात्र निष्कर्ष काढू नका. प्रश्नचिन्हानंतरचा भाग न मोजणारीही पुष्कळ मांडणी असते.

आणि तक्रार करताना "तुमची साइट बंद आहे" एवढंच लिहू नका, त्याला "आमच्याकडे चालू आहे" हेच उत्तर मिळतं. पूर्ण पत्ता, मिनिटापर्यंतची वेळ, तुमचं शहर, आणि पानाच्या तळाशी असेल तो रिक्वेस्ट आयडी किंवा रे आयडी लिहा. `?a=1` जोडल्यावर पान उघडलं असेल तर तेही आवर्जून सांगा. पलीकडे जाणता माणूस असेल तर एवढ्यावर तो सर्व्हर सोडून थेट सीडीएन तपासायला घेईल.